शंभर नॅनोव्होल्ट मोजताना

इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्यापासून बनलेल्या एका काळ्या, ठिसूळ सिरॅमिकने १९८७ साली भौतिकशास्त्रात खळबळ उडवून दिली. साधारण ९२ केल्विनला, म्हणजे उणे १८१ अंश सेल्सिअसला, त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. ते अतिसंवाहक बनते. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. म्हणजे हा बदल पाहायला महागडा द्रव हेलियम लागत नाही. सिरॅमिकचा तुकडा द्रव नायट्रोजनने हळूहळू थंड करायचा आणि त्याचा रोध कुठे कोसळतो ते टिपायचे, एवढाच प्रयोग. अडचण अशी, की कोसळण्याआधीही हा रोध फारसा नसतोच.

समजा, आपल्या तुकड्याचा रोध कोसळण्याआधी १ मिलिओहम आहे. एक मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा पाच सेंटीमीटर तुकडा कापला तर त्याचा रोधही जवळपास एवढाच भरेल. या सिरॅमिकमधून आपण १०० मायक्रोॲम्पिअर प्रवाह सोडला, तर ओहमच्या नियमानुसार त्याच्यावर १०० नॅनोव्होल्ट दाब मिळेल. टॉर्चमधल्या दीड व्होल्टच्या सेलच्या दाबाचे दीड कोटी समान वाटे केले, तर त्यातला हा एक वाटा.

मग प्रवाहच वाढवला तर? तुकड्याला चार तारा जोडलेल्या असतात. दोन प्रवाह नेण्यासाठी, दोन दाब मोजण्यासाठी. त्या चांदीच्या लेपाने चिकटवलेल्या असतात आणि अशा सांध्याचा रोध सहज एखादा ओहम असतो, म्हणजे खुद्द तुकड्याच्या हजारपट. एक ॲम्पिअर प्रवाह सोडला तर एकेका सांध्यात एक वॉट उष्णता तयार होईल. जो तुकडा आपण थंड करायला निघालो तोच तापेल, आणि तापमापी दाखवेल ते तापमान तुकड्याचे राहणार नाही. तेव्हा प्रवाह लहानच हवा, आणि मोजायचे ते १०० नॅनोव्होल्टच.

प्रवाह उलटवण्याची जुनी रीत

एकदिश प्रवाह सोडून व्होल्टमीटर लावला, की पहिला शत्रू समोर येतो. दाब मोजणाऱ्या तारा एका टोकाला थंड तुकड्याला आणि दुसऱ्या टोकाला खोलीतल्या उपकरणाला जोडलेल्या असतात. वेगवेगळे धातू एकमेकांना भिडले आणि सांध्यांचे तापमान वेगळे असले, की तिथे प्रवाहाशिवायही दाब निर्माण होतो. दोनशे अंशांच्या फरकात असे काही मायक्रोव्होल्ट सहज जमतात. आपल्या उदाहरणात ते ५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे ५,००० नॅनोव्होल्ट धरू. मीटर ५,१०० दाखवेल. त्यातले आपले कोणते आणि परके कोणते, हे त्या आकड्याकडे पाहून कसे कळणार?

यावरची रीत जुनी आहे. प्रवाह उलट दिशेने सोडून पुन्हा वाचायचे. प्रवाहाची दिशा बदलली की तुकड्यावरच्या दाबाचे चिन्ह बदलते, पण सांध्यांतल्या उष्णतेच्या दाबाला प्रवाहाशी देणेघेणे नसते. पहिले वाचन ५,१००, दुसरे ४,९००. दुसऱ्याला उणे एकने गुणून दोन्हींची सरासरी काढली की ५,००० आपोआप उडतात आणि उरतात नेमके १००.

या साध्या गणितात लॉक-इन ॲम्प्लिफायरचे सगळे मर्म आहे. आपण शोधत असलेल्या संकेतावर आपणच एक खूण केली: तो आपल्या हुकमाने चिन्ह बदलतो. मग येणारे प्रत्येक वाचन त्याच हुकमाच्या तालावर कधी अधिक एकने, कधी उणे एकने गुणले. ज्यावर ती खूण होती ते साचत गेले, ज्यावर नव्हती ते एकमेकांना खोडत गेले. यातले गुणण्याचे काम करणारा भाग म्हणजे मिक्सर, सरासरी काढणारा भाग म्हणजे लो-पास फिल्टर, आणि चिन्ह कधी बदलायचे हे सांगणारा ताल म्हणजे संदर्भ संकेत. लॉक-इनमध्ये मुख्य भाग एवढेच.

हाताने प्रवाह उलटवण्यात उणीव आहे ती वेगाची. दोन वाचनांमध्ये दहा सेकंद गेले आणि तेवढ्यात नायट्रोजनची पातळी थोडी उतरून उष्णतेचा दाब ५० नॅनोव्होल्टने वाढला, तर दुसरे वाचन ४,९०० ऐवजी ४,९५० येईल आणि उत्तर १०० ऐवजी ७५. ॲम्प्लिफायरच्या आतला गोंगाटही असाच वागतो: जितका सावकाश बदल पाहावा तितका तो मोठा दिसतो. उपाय उघड आहे. प्रवाह इतक्या झटपट उलटवायचा, की मधल्या वेळात परक्या दाबाला सरकायला सवडच मिळू नये. म्हणून लॉक-इनच्या ऑसिलेटरमधून १ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब घेतात आणि तो १० किलोओहमच्या रोधातून तुकड्याकडे सोडतात. प्रवाह १०० मायक्रोॲम्पिअर मिळतो आणि सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो.

गुणाकारातून काय निघते

वारंवारता किती ठेवायची? १०० हर्ट्झ घेणे हा आपल्याच पायावर धोंडा ठरेल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. भिंतीतल्या वायरी, ट्रान्सफॉर्मर, दिवे यांच्यामुळे प्रयोगाच्या तारांत ५० हर्ट्झची गुणगुण शिरते आणि तिच्यासोबत १००, १५० अशा तिच्या पटीही येतात. म्हणून या पटींच्या मधली एखादी जागा निवडतात. आपण १२७ हर्ट्झ घेऊ.

आता मिक्सरच्या एका दारातून तुकड्यावरचा दाब येतो. त्यात आपले १०० नॅनोव्होल्ट आहेत आणि त्यांच्या कितीतरी पट कचराही आहे. दुसऱ्या दारातून १२७ हर्ट्झचा स्वच्छ संदर्भ येतो. दोन लहरींचा गुणाकार केला की शाळेतल्या त्रिकोणमितीप्रमाणे दोन नव्या लहरी मिळतात. एकीची वारंवारता मूळ दोहोंच्या फरकाइतकी, दुसरीची बेरजेइतकी. विजेच्या १५० हर्ट्झच्या गुणगुणीतून २३ आणि २७७ हर्ट्झ निघतात. ५० हर्ट्झमधून ७७ आणि १७७. उष्णतेचा स्थिर दाब १२७ हर्ट्झने डुलू लागतो. आपल्या संकेताची वारंवारता मात्र संदर्भाइतकीच आहे, त्यामुळे फरक शून्य. सगळे डुलत असताना तो एकटा स्थिर, एकदिश दाब बनतो.

हा फरक खरोखरच शून्य असायला हवा, आणि म्हणूनच संदर्भ दुसऱ्या कुठल्या ऑसिलेटरकडून उसना घेऊन चालत नाही. त्या ऑसिलेटरची वारंवारता १२७ ऐवजी १२७.०१ हर्ट्झ असेल, तर उत्तर स्थिर न राहता शंभर सेकंदांत एकदा वर चढेल, शून्यातून खाली उतरेल आणि परत येईल. जो ताल तुकड्यातला प्रवाह हलवतो तोच मिक्सरला मिळाला पाहिजे.

लो-पास फिल्टरचे काम आता सोपे वाटते: डुलणारे सगळे थोपवायचे, स्थिर असलेले पुढे जाऊ द्यायचे. पण आकडे मांडले की कळते, काम तितके हलके नाही. फिल्टरचा काळ-स्थिरांक १ सेकंद ठेवू. म्हणजे तो ढोबळमानाने गेल्या एका सेकंदाची सरासरी दाखवत राहतो. एका टप्प्याचा असा फिल्टर ७७ हर्ट्झचे डुलणे सुमारे ४८४ पटींनी कमी करतो. ऐकायला भरपूर वाटते. पण तारांत ५० मायक्रोव्होल्टची गुणगुण शिरली असेल, तर भागाकार करून सुमारे १०० नॅनोव्होल्ट उरतात, नेमके आपल्या संकेताएवढेच. म्हणून फिल्टरचे चार टप्पे एकामागोमाग लावतात. प्रत्येक टप्पा पुन्हा तितक्याच पटीने कापतो आणि गुणगुण मोजता न येण्याइतकी उरते.

विजेच्या गुणगुणीची वारंवारता निदान ठरलेली असते. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा गोंगाट मात्र सगळ्या वारंवारतांवर पसरलेला असतो, त्यामुळे १२७ हर्ट्झच्या अगदी शेजारीही तो असतोच. चांगल्या ॲम्प्लिफायरचा गोंगाट १ हर्ट्झ रुंदीच्या पट्टीत ५ नॅनोव्होल्टच्या आसपास असतो आणि पट्टी रुंदावली की रुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. एक लाख हर्ट्झ रुंदीची पट्टी उघडी ठेवली तर तो १,६०० नॅनोव्होल्ट होतो आणि आपला संकेत त्यात सोळापट खाली गाडला जातो. चार टप्प्यांच्या १ सेकंदाच्या फिल्टरमागे उरणारी पट्टी जेमतेम ०.०८ हर्ट्झ रुंद असते. तेवढ्या फटीतून येणारा गोंगाट १.४ नॅनोव्होल्ट. म्हणजे पडद्यावर १०० च्या आसपास एक-दीड नॅनोव्होल्टने थरथरणारा आकडा दिसेल.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. चार टप्प्यांच्या फिल्टरला नव्या मूल्याच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचायला काळ-स्थिरांकाच्या दहापट वेळ लागतो. इथे दहा सेकंद. थरथर निम्मी करायची तर पट्टी चौपट अरुंद हवी, काळ-स्थिरांक ४ सेकंद हवा आणि प्रत्येक वाचनासाठी ४० सेकंद थांबायला हवे. वर्गमूळाचा हा हिशेब कोणत्याही उपकरणाला चुकत नाही.

फेज जुळली नाही तर

प्रवाह उलटवण्याच्या मूळ उदाहरणात एक गोष्ट गृहीत होती: प्रवाह ज्या क्षणी उलटतो त्याच क्षणी आपण चिन्ह बदलतो. समजा, हे चिन्ह पाव आवर्तन उशिरा बदलले. मग प्रत्येक अर्ध्या फेरीत निम्मा वेळ बरोबर चिन्हाने गुणाकार होईल, निम्मा वेळ उलट चिन्हाने, आणि सरासरी शून्य येईल. संकेत पुरेपूर हजर आहे आणि उपकरण म्हणते, काही नाही. संकेत आणि संदर्भ यांच्यातल्या या पुढे-मागे असण्याला फेज म्हणतात. फेज शून्य असेल तर पूर्ण मूल्य मिळते, ६० अंशांचा फरक असेल तर निम्मे, ९० अंशांना शून्य आणि १८० अंशांना पूर्ण मूल्य पण उणे चिन्हाने.

तारांची धारिता, मधले ट्रान्सफॉर्मर, प्रकाशाच्या प्रयोगात किरण कापणाऱ्या फिरत्या चकतीची जागा, अशी फेज सरकण्याची कारणे बरीच असतात. म्हणून आजच्या लॉक-इनमध्ये दोन मिक्सर असतात. एकाला संदर्भ जसाच्या तसा मिळतो, दुसऱ्याला ९० अंश सरकवलेला. पहिल्याचे उत्तर पडद्यावर X म्हणून दिसते, दुसऱ्याचे Y म्हणून. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे R. फेज कितीही सरकली तरी R तेवढाच राहतो, म्हणून नवखे लोक फेजची कटकट सोडून R वरच विसंबतात.

आपल्या प्रयोगात हीच सवय घात करते. तुकडा अतिसंवाहक झाला की खरा संकेत शून्य होतो आणि X, Y दोन्ही शून्याच्या वर-खाली थरथरतात. पण R वर्ग करून काढलेला असल्याने उणे होऊच शकत नाही. त्यामुळे गोंगाटाची सरासरी शून्य असूनही R एक-दोन नॅनोव्होल्टवर अडकून बसतो आणि रोध थोडा शिल्लक आहे असा भास होतो. जाणकार आधी संकेत मोठा असताना, म्हणजे ९२ केल्विनच्या वर, Y शून्य होईल अशी फेज लावून घेतात आणि मग फक्त X नोंदवतात.

Y निरुपयोगी नसतो. प्रवाहाच्या आणि दाबाच्या तारा शेजारून गेल्या असतील तर चुंबकीय प्रभावाने एकीतून दुसरीत थोडा दाब येतो. तो प्रवाहाच्या ९० अंश पुढे-मागे असतो, म्हणून बहुतांशी Y मध्ये पडतो. ओळखायचा कसा? वारंवारता दुप्पट करून पाहायची. रोधावरचा दाब वारंवारतेने बदलत नाही; चुंबकीय प्रभावाने आलेला दुप्पट होतो. Y दुप्पट झाला आणि X जागचा हलला नाही, तर तारांच्या जोड्या नीट पिळून घ्यायच्या आणि पुढे जायचे.

ज्या परक्यावर आपलीच खूण असते

लॉक-इन परक्या दाबाला ओळखतो तो त्याच्यावर आपली खूण नसते म्हणून. मग एखाद्या परक्या दाबावर ती खूणही असली तर? अशा वेळी हे उपकरण फसते, आणि कितीही वेळ सरासरी काढली तरी फसवणूक कमी होत नाही.

आपल्या तुकड्यातून बाहेर पडणारा प्रवाह शेवटच्या सांध्यातून जमिनीकडे जातो. तो सांधा बिघडून त्याचा रोध १० ओहम झाला असे धरू. १०० मायक्रोॲम्पिअरमुळे त्याच्यावर १ मिलिव्होल्ट दाब उभा राहतो आणि दाब मोजणाऱ्या दोन्ही तारा जमिनीपासून तेवढ्या उचलल्या जातात. उपकरण या दोन तारांमधला फरक घेते, म्हणून समान असलेला भाग वजा व्हायला हवा. पण कोणतीही वजाबाकी परिपूर्ण नसते. लाखातला एक भाग निसटला तरी १ मिलिव्होल्टमधून १० नॅनोव्होल्ट आत येतात. त्यांची वारंवारता १२७ हर्ट्झ, फेज संकेताचीच. खऱ्या १०० मध्ये १० खोटे मिसळले आणि पडद्यावर काहीही वावगे दिसले नाही. प्रवाह निम्मा केला तर हेही निम्मे होतात, त्यामुळे त्या तपासणीतही ते सुटतात.

पकडायचे असेल तर प्रवाहाच्या दोन तारांची अदलाबदल करायची, म्हणजे जमिनीला आता दुसरा, चांगला सांधा जोडला जाईल. तुकड्यावरच्या खऱ्या दाबाचे फक्त चिन्ह बदलले पाहिजे. आधी अधिक ११० आणि आता उणे १०० आले, तर चोर सापडला.

दुसरी गफलत पुढच्या दारातच होते. मिक्सरपर्यंत पोहोचण्याआधी संकेत मोठा करावा लागतो, आणि त्याच्याबरोबर गुणगुणही मोठी होते. ती ॲम्प्लिफायरच्या आवाक्याबाहेर गेली की लहरीचे माथे छाटले जातात आणि त्यानंतर मिक्सर काय गुणतो आहे याला अर्थ राहत नाही. संकेतापेक्षा किती पट मोठा कचरा उपकरण बिनतक्रार सोसेल, हे आकड्यात दिलेले असते. आपल्या उदाहरणात गुणगुण ५०० पट आहे. हजारपट सोसण्याचे मापन निवडले असेल तर निभावते, शंभरपटीचे असेल तर ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. तो दिवा लागलेला असताना X कितीही शांत दिसला तरी ते वाचन टाकून द्यायचे.

डिकी यांची फिरती चकती

लॉक-इनचे नाव निघाले की अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांचे नाव घेतले जाते. प्रिन्स्टन अप्लाइड रिसर्च या कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक, आणि याच कंपनीने हे उपकरण प्रयोगशाळांपर्यंत पोहोचवले. डिकी यांनी मात्र शोधाचे श्रेय आपले नसल्याचे सांगितले होते. ही कल्पना आपण वॉल्टर मिशेल्स यांच्या लेखनात वाचली असावी, असे ते म्हणत. मिशेल्स आणि कर्टिस यांनी १९४१ साली लॉक-इन ॲम्प्लिफायरवर लेख प्रसिद्ध केला होता.

डिकी यांचे स्वतःचे काम होते ते खूण करण्याच्या युक्तीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना आकाशातून येणारे अतिक्षीण सूक्ष्मलहरी प्रारण मोजायचे होते. इथे संकेताचा उगम त्यांच्या हातात नव्हता. आकाशाला कोण सांगणार की तू चालू-बंद हो? त्यांनी लहरींच्या नळीत सेकंदाला तीस वेळा फिरणारी चकती बसवली. चकती आत असताना ग्राहकाला खोलीच्या तापमानाचे प्रारण दिसे, बाहेर असताना आकाशाचे. ग्राहकाचा स्वतःचा गोंगाट दोन्ही वेळा सारखाच, म्हणून तो वजा होई. १९४६ साली डिकी आणि सहकाऱ्यांनी आकाशातून सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाचे तापमान २० केल्विनपेक्षा कमी असल्याचे नोंदवले. ते पुढे १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांनी जाहीर केलेल्या मोजणीतून समोर आले. आज त्याचे मूल्य सुमारे २.७ केल्विन मानतात.

डिकी यांच्या त्या आकड्याची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी ‘काही नाही’ असे लिहिले नाही, ‘अमुकपेक्षा कमी’ असे लिहिले. आपल्या सिरॅमिकलाही तोच न्याय लावावा लागतो. तुकडा मिनिटाला ३ केल्विनने थंड होत असेल तर चार टप्प्यांचा फिल्टर सुमारे ४ सेकंद मागे राहतो, आणि रोध कोसळण्याचे तापमान ०.२ केल्विनने खाली सरकलेले दिसते. तापवत परत येताना तेच ०.२ ने वर सरकते. दोन्ही आलेखांत ०.४ केल्विनची फट दिसली, तर ती पदार्थाची समजायची नाही, फिल्टरची समजायची. वेग निम्मा केला की फटही निम्मी होते.

आणि शेवटी X शून्यावर येऊन १.४ नॅनोव्होल्टने थरथरू लागला, की १०० मायक्रोॲम्पिअरने भागायचे. उत्तर येते १४ मायक्रोओहम. वहीत ‘रोध शून्य’ असे लिहायचे नसते; ‘मोजणीची मर्यादा सुमारे १४ मायक्रोओहम, रोध त्याखाली’ असे लिहायचे. त्याहून खाली उतरायचे असेल तर काळ-स्थिरांक वाढवून जास्त वेळ थांबायचे किंवा सांधे सुधारून प्रवाह वाढवायचा. तिसरा मार्ग या उपकरणात नाही.